१३१ ‘हो’, १८०० सभासद: टक्केवारीच्या मागेपुढे किती सोडायचं?

प्रश्न: आमच्या संस्थेच्या सगळ्या १८०० सभासदांना ऑनलाइन प्रश्नावली पाठवली. ‘नवीन वेळापत्रक कायम ठेवावं का?’ याला १३१ हो, ५२ नाही, १८ ‘सांगता येत नाही’. ११ जणांनी फॉर्म भरला पण हा प्रश्न रिकामा सोडला. मी ६५ टक्के, अधिक-उणे ६.६ असं काढलंय. बरोबर आहे का? समितीला अधिक-उणे ३ हवंय, त्यासाठी किती उत्तरं लागतील? शिवाय संध्याकाळी येणाऱ्या ४० जणांपैकी ३ जण ‘फार अडचण होते’ म्हणाले, तिथे माझं सूत्र खालची मर्यादा उणे दाखवतं. काय चुकतंय?

उत्तर:

आकडेमोड बरोबर आहे. १३१ भागिले २०१ म्हणजे ६५.२ टक्के, आणि त्यावरचं मार्जिन ६.६ येतं. पण सूत्रात आकडे घालण्याआधी तुम्ही एक निर्णय घेतलाय आणि तो बहुतेक नकळत घेतलाय. तुमचा छेद २०१ आहे, म्हणजे ‘सांगता येत नाही’ म्हणणारे १८ जण तुम्ही आत धरलेत आणि रिकामं सोडणारे ११ बाहेर ठेवलेत. फॉर्म भरणारे सगळे २१२ छेदात घेतले असते तर ६१.८ टक्के आले असते. फक्त हो-नाही म्हणणारे १८३ घेतले असते तर ७१.६ टक्के. फरक जवळजवळ दहा टक्क्यांचा आहे आणि कुठलंही सूत्र तो तुम्हाला दाखवणार नाही. सूत्राला फक्त दोन आकडे कळतात, किती जण ‘हो’ म्हणाले आणि कितींपैकी.

माझ्या मते तुमचा २०१ हाच छेद योग्य आहे. ‘सांगता येत नाही’ हेही एक उत्तर आहे. त्या माणसाने प्रश्न वाचला, विचार केला आणि ‘हो’ म्हणायला तो तयार नव्हता. ज्यांनी रिकामं सोडलं त्यांच्याबद्दल मात्र आपल्याला काहीच माहीत नाही. १८३ हा छेद वापरायचा असेल तर वाक्यही बदलावं लागेल: ‘ज्यांचं मत ठरलेलं आहे त्यांच्यापैकी ७२ टक्के’. तेही चालेल, फक्त ते वेगळं विधान आहे. अहवालात छेद लिहा, म्हणजे उद्या कुणी दुसऱ्या छेदाने दुसरी टक्केवारी काढून तुम्हाला खोटं ठरवणार नाही.

छेदाची याहून मोठी चूक मी एकदा एका अहवालात पाहिली होती. मार्जिन काढताना उत्तरांच्या जागी पाठवलेल्या प्रश्नावल्यांची संख्या घातली होती. तुमच्या बाबतीत तसं केलं तर १८०० वर मार्जिन फक्त २.२ येईल. समिती खूश होईल, पण ज्या सोळाशे जणांनी तोंडच उघडलं नाही त्यांचं मत मोजल्याचा तो दावा असेल.

आता सूत्राकडे येऊ. तुम्ही वापरलंय ते हे, `p` म्हणजे ‘हो’ चं प्रमाण आणि `n` म्हणजे उत्तरांची संख्या:

```
p ± 1.96 * sqrt( p*(1-p)/n )
```

१.९६ हा आकडा ९५ टक्के खात्रीसाठीचा आहे. ९० टक्क्यांना १.६४५ आणि ९९ ला २.५७६ येतो. ‘९५ टक्के’ म्हणजे नेमकं काय, यावर नेहमी गोंधळ होतो. खरा आकडा या दोन टोकांमध्ये असण्याची शक्यता ९५ टक्के, असा त्याचा अर्थ नाही. त्याच सभासदांमधून तितक्याच लोकांची चिठ्ठ्या टाकून पुन्हा पुन्हा निवड केली आणि दरवेळी याच पद्धतीने दोन टोकांमधला पट्टा, म्हणजे इंटरव्हल, काढला, तर शंभरातल्या साधारण ९५ वेळा खरा आकडा त्या इंटरव्हलमध्ये सापडेल, एवढाच अर्थ आहे. हमी पद्धतीची आहे, तुमच्या हातातल्या एका निकालाची नाही. ‘चिठ्ठ्या टाकून’ हे शब्द लक्षात ठेवा, पुढे त्यांच्यावरच सगळं अडणार आहे.

या साध्या सूत्राला वाल्डची पद्धत म्हणतात. उत्तरं बरीच असतील आणि टक्केवारी मधोमध असेल तेव्हा ती ठीक चालते. तुमच्या ४० पैकी ३ मध्ये ती कोलमडते, त्यात तुमचा दोष नाही. ३ भागिले ४० म्हणजे ७.५ टक्के, मार्जिन ८.२, म्हणून खालचं टोक उणे ०.७. कुठल्याही गटातले उणे ०.७ टक्के लोक अडचणीत असू शकत नाहीत. बरेच जण इथे उणे खोडून शून्य लिहितात आणि पुढे जातात. पण शून्यही चूकच आहे. तीन माणसांनी स्वतः अडचण सांगितलीय, मग ‘कदाचित कुणालाच अडचण नसेल’ असं कसं म्हणता येईल?

असं का होतं ते पाहा. वाल्ड तुमच्या नमुन्यातली टक्केवारी हीच खरी मानतो आणि तिच्यावर उभा राहून दोन्ही बाजूंना सारखीच पावलं टाकतो. किती पावलं टाकायची हेही तो त्याच टक्केवारीवरून ठरवतो. त्यामुळे टक्केवारी शून्याजवळ गेली की पावलंही आखडतात. ४० पैकी एकानेही अडचण सांगितली नसती तर मार्जिन थेट शून्य आलं असतं, म्हणजे ४० जणांना विचारून ‘कुणालाही अडचण नाही, शंभर टक्के खात्री’. समजा संध्याकाळच्या सगळ्या सभासदांपैकी खरोखर ५ टक्के अडचणीत आहेत. तरी चाळीस जण निवडल्यावर त्यात एकही अडचणीतला न येण्याची शक्यता ०.९५ चा ४० वा घात, म्हणजे जवळजवळ १३ टक्के आहे. त्या प्रत्येक वेळी वाल्डचा इंटरव्हल चुकतो. नावाला ९५ टक्के खात्री, आणि फक्त या एका कारणानेच चूक १३ टक्के.

यावरचा उपाय एडविन बी. विल्सन यांनी १९२७ मध्येच दिला होता. तो अजून कितीतरी तयार कॅल्क्युलेटरांमध्ये नसतो, याचं मला नवल वाटतं. विल्सन प्रश्नच उलटा विचारतात. माझ्या टक्केवारीपासून किती दूर जायचं, हे ते विचारत नाहीत. कोणकोणती खरी टक्केवारी असती तर ४० मध्ये ३ हा निकाल विचित्र वाटला नसता, हे ते विचारतात. प्रत्येक संभाव्य टक्केवारीला तिचा स्वतःचा पसारा, म्हणजे प्रमाण विचलन, देऊन ती तपासायची. ज्या टक्केवारीपासून ३ हा आकडा १.९६ प्रमाण विचलनांच्या आत पडतो त्या सगळ्या ठेवायच्या, बाकीच्या काढून टाकायच्या. उरतो तो इंटरव्हल. बीजगणित केलं की त्याचं थेट सूत्र मिळतं आणि स्प्रेडशीटमध्ये ते असं बसतं:

```
A1: 131
A2: 201
A3: =NORM.S.INV(0.975)
A4: =(A1+A3^2/2)/(A2+A3^2)
A5: =A3/(A2+A3^2)*SQRT(A1*(A2-A1)/A2+A3^2/4)
A6: =A4-A5
A7: =A4+A5
```

A1 मध्ये ३ आणि A2 मध्ये ४० घाला. खालचं टोक २.६ टक्के, वरचं १९.९ टक्के येईल. याचा पडताळा हाताने घेता येतो आणि एकदा जरूर घ्या, म्हणजे पद्धत मनात बसते. खरी टक्केवारी २.६ असती तर ४० मध्ये साधारण एक जण अपेक्षित होता आणि प्रमाण विचलनही एकच्या आसपास आलं असतं. म्हणजे ३ हा आकडा सरासरीच्या जवळजवळ दोन विचलनं वर, अगदी हद्दीवर. खरी टक्केवारी १९.९ असती तर आठ जण अपेक्षित होते, विचलन अडीच. ३ हा आकडा तितकाच खाली, पुन्हा हद्दीवर. दोन्ही हद्दी ७.५ पासून सारख्या अंतरावर नाहीत आणि तसंच असायला हवं. खाली शून्याची भिंत आहे, वर मोकळं रान आहे. म्हणून हा निकाल ‘७.५ अधिक-उणे अमुक’ असा लिहू नका, ‘२.६ ते १९.९’ असा लिहा. समितीने विचारलं तर सरळ सांगा की ४० उत्तरांवरून एवढंच कळतं: चाळीसात एकापासून पाचात एकापर्यंत काहीही असू शकतं.

मुख्य प्रश्नावर, म्हणजे २०१ पैकी १३१ वर, विल्सन ५८.४ ते ७१.४ देतो, वाल्डने ५८.६ ते ७१.८ दिलं होतं. फरक नगण्य आहे. तरी माझा सल्ला असा की सगळीकडे विल्सनच वापरा. मग कुठे कोणतं सूत्र चालेल हे आठवत बसावं लागत नाही. स्प्रेडशीट हाताशी नसेल तर एक जुगाड आहे: दोन खोटे ‘हो’ आणि दोन खोटे ‘नाही’ मिसळा, मग साधं सूत्र लावा. २०५ पैकी १३३ वर ते ५८.३ ते ७१.४ येतं, म्हणजे विल्सनला जवळजवळ चिकटलेलं. अॅग्रेस्ती आणि कूल यांनी १९९८ मध्ये हे मांडलं.

प्रोग्राम वापरत असाल तर एक सावधगिरी. पायथनच्या `statsmodels` मधलं फंक्शन काही न सांगता वाल्डच वापरतं, त्याला पद्धत सांगावी लागते:

```python
from statsmodels.stats.proportion import proportion_confint
proportion_confint(131, 201, method="wilson")
```

आर मध्ये `prop.test(131, 201, correct=FALSE)` हे विल्सन देतं. `correct=FALSE` विसरलात तर इंटरव्हल जरासा रुंद येतो. दोन जणांचे आकडे जुळत नाहीत तेव्हा पुष्कळदा कारण एवढंच असतं.

आता अधिक-उणे ३ चं बघू. साधं सूत्र उलटं फिरवलं की लागणारी संख्या मिळते:

```
n0 = 1.96^2 * p*(1-p) / E^2
n  = n0 / (1 + (n0 - 1)/N)
```

इथे `N` म्हणजे एकूण सभासद, १८००, आणि `E` म्हणजे हवं असलेलं मार्जिन, ०.०३. हे ‘३ टक्के’ टक्केवारीच्या गुणांमध्ये आहे, म्हणजे ६५ चे ६२ ते ६८. ६५ चे तीन टक्के नव्हे. `p` साठी काय धरायचं? काहीच माहीत नसेल तर ०.५, कारण तिथे गुणाकार सर्वांत मोठा असतो आणि आपण कमी पडत नाही. त्याने १०६८ येतात. तुमच्याकडे ६५ टक्क्यांचा अंदाज आहे, तो घातला तर ९७२. बचत फार नाही, म्हणून मी तरी ०.५ च धरतो. तुमच्या ६.६ वरून ३ वर येणं म्हणजे मार्जिन २.२ पटीने कमी करणं. उत्तरं मात्र त्याच्या वर्गाने, जवळजवळ पाच पटीने वाढवावी लागतात. दोनशे उत्तरांवरून हजाराच्या आसपास जावं लागतं ते यामुळे. मार्जिन निम्मं करायचं तर उत्तरं चौपट, हे समितीला आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर ‘अजून थोडी उत्तरं आणा’ अशी मागणी होत राहते.

दुसरी ओळ सभासद मोजकेच असल्याची सवलत देते. सगळे मिळून १८०० च आहेत आणि त्यातले हजार विचारले, तर न विचारलेले उरतातच किती? ही सवलत घेतली की १०६८ चे ६७१ होतात. आधीच्या इंटरव्हललाही ती लावता येते. २०१ उत्तरांवर तो ५८.८ ते ७१.१ होतो. सभासद लाखांत असते तर या ओळीने काहीच फरक पडला नसता. लोकसंख्या मोठी म्हणून नमुना मोठा लागतो असं नाही, लहान असेल तर थोडी सूट मिळते इतकंच.

ही संख्या ज्या गटाबद्दल बोलायचं त्या प्रत्येक गटासाठी स्वतंत्र लागते. एकूण ६७१ उत्तरं आली म्हणून संध्याकाळच्या गटाचं मार्जिन ३ होणार नाही.

म्हणजे ६७१ पाहिजेत, २०१ आहेत, अजून ४७० आणायची. इथपर्यंत कुठलाही कॅल्क्युलेटर तुम्हाला पोचवेल. माझी खरी हरकत इथून पुढे आहे.

वरची प्रत्येक ओळ असं धरून चालते की उत्तर देणारे २०१ जण १८०० मधून चिठ्ठ्या टाकून निघाले. तुमच्याकडे चिठ्ठ्या टाकल्याच नाहीत. प्रश्नावली सगळ्यांना गेली आणि कोण उत्तर देणार हे ज्याचं त्याने ठरवलं. नऊ जणांमागे एकाने उत्तर दिलं. वेळापत्रक बदलल्यामुळे ज्याची सोय झाली तो उत्साहाने फॉर्म भरतो. ज्याची गैरसोय झाली तोही भरेल, किंवा वैतागून येणंच बंद करेल आणि तुमचा मेल उघडणारच नाही. ज्याला काही फरक पडत नाही तो मेल नंतर वाचू म्हणून सोडून देतो. या तिघांचं प्रमाण उत्तरांमध्ये आणि सभासदांमध्ये सारखंच असेल असं मानायला काही आधार नाही.

आकड्यांत बघा. तुमच्याकडे ज्यांची उत्तरं नाहीत असे, त्या ११ रिकाम्यांसह, १५९९ जण आहेत. समजा त्यांच्यात ‘हो’ चं प्रमाण ५५ टक्के आहे, म्हणजे उत्तर देणाऱ्यांपेक्षा दहा टक्क्यांनी कमी. अशक्य वाटण्यासारखं त्यात काही नाही. मग त्यांच्यात साधारण ८७९ ‘हो’, तुमचे १३१ धरून १०१०, आणि १८०० मध्ये खरी टक्केवारी ५६.१. तुमचा इंटरव्हल ५८.४ वर सुरू होतो. म्हणजे एवढ्याशा फरकाने खरा आकडा इंटरव्हलच्या बाहेर गेला, आणि इंटरव्हलला त्याचा पत्ताही लागला नाही. टोकाचं विचारायचं तर, गप्प बसलेले सगळे ‘हो’ म्हणणार नसते तर ७.३ टक्के आणि सगळे म्हणणार असते तर ९६.१. काहीही न गृहीत धरता तुमच्या आकड्यांतून निघणारी खरी हद्द एवढी आहे.

आणि या रोगावर ‘अजून ४७० उत्तरं’ हे औषध नाही. स्मरणपत्रं पाठवून तुम्ही ४७० आणखी उत्सुक लोक गोळा केलेत, तर इंटरव्हल अरुंद होईल, पण तो चुकीच्याच जागी अरुंद होईल. १९३६ च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीत ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने वीस लाखांहून जास्त उत्तरं जमवली आणि लँडन जिंकणार असं जाहीर केलं. जिंकले रूझवेल्ट, सुमारे ६१ टक्के मतांनी. एवढ्या उत्तरांवर आपल्या सूत्राचं मार्जिन एका टक्क्याचा दहावा भागही येत नाही.

ही अडचण आहे की नाही, ते ओळखायला दोन खुणा बघता येतात. एक, उत्तरं आली त्या क्रमाने लावा: पहिल्या दोन दिवसांतली, आणि शेवटच्या स्मरणपत्रानंतरची. उशिरा उत्तर देणारे हे न देणाऱ्यांच्या जास्त जवळचे असतात. पहिल्या तुकडीत ‘हो’ ७० टक्के आणि शेवटच्या तुकडीत ५५ असेल, तर प्रमाण कुठे उतरत चाललंय ते दिसतं. दोन, सभासद यादीतून जे आधीच माहीत आहे ते ताडून बघा. समजा यादीत संध्याकाळचे सभासद एक तृतीयांश आहेत आणि तुमच्या २०१ उत्तरांत ४० च. मग संध्याकाळवाले कमी बोललेत हे उघड आहे. अशा वेळी प्रत्येक गटाला त्याच्या खऱ्या प्रमाणात वजन देता येतं. पण वजन दिल्याने गटागटांतला फरक भरून निघतो, गटाच्या आत बोलणारे आणि गप्प बसणारे यांच्यातला फरक तसाच राहतो.

तुमच्या जागी मी असतो तर स्मरणपत्रांवर जोर न देता फोन हातात घेतला असता. गप्प बसलेल्या १५९९ जणांची यादी करा, प्रत्येकासमोर यादृच्छिक आकडा टाका, त्याप्रमाणे यादी लावा आणि वरचे ६० जण घ्या. आता इथे खरोखर चिठ्ठ्या पडल्या. या साठांना प्रश्न त्याच शब्दांत विचारा. उत्तर देत नाहीत म्हणून ६१ वा घेऊ नका, नाहीतर पुन्हा सहज सापडणारेच गोळा होतील. वेगवेगळ्या वेळी तीन-चारदा प्रयत्न करा. ही कल्पना हॅन्सन आणि हर्विट्झ यांनी १९४६ मध्ये नेमकी याच अडचणीसाठी मांडली: टपालाने प्रश्नावली पाठवायची, आणि न आलेल्यांतल्या काहींकडे प्रत्यक्ष जायचं.

समजा ६० पैकी ५१ जणांनी उत्तर दिलं आणि २८ ‘हो’ म्हणाले, म्हणजे ५४.९ टक्के. आता दोन्ही गट त्यांच्या वजनाने जोडायचे:

```
(201/1800)*0.652 + (1599/1800)*0.549 = 0.56
```

एकूण ५६ टक्के. मार्जिन काढताना एक गंमत होते. पहिल्या २०१ जणांची उत्तरं आपल्या हातात पूर्ण आहेत, त्यांच्याबद्दल अंदाज करायचाच नाही, म्हणून त्यांचा मार्जिनमध्ये वाटा शून्य. सगळं मार्जिन त्या ५१ फोनांवरून येतं:

```
1.96 * (1599/1800) * sqrt(0.549*0.451/51) = 0.121
```

१५९९ मधून ५१ च घेतल्याची सवलत धरली तर साधारण १२. म्हणजे ४४ ते ६८ टक्के. आधीच्या १३ टक्के रुंदीच्या इंटरव्हलपेक्षा हा जवळजवळ दुप्पट रुंद आहे, आणि समितीला तो आवडणार नाही. पण ‘बहुसंख्य सभासदांना वेळापत्रक हवंय’ हे विधान आधीच्या इंटरव्हलवरून ठामपणे करता येत होतं आणि या इंटरव्हलवरून करता येत नाही. माझ्या मते दुसरंच खरं आहे.

फोनवरून उत्तर न दिलेल्या ९ जणांचंही टोक बघून घ्या. ते सगळे ‘हो’ धरले तर एकूण ६२ टक्के, सगळे ‘हो’ नाहीत असं धरलं तर ४८.७. आधी जी हद्द ७ ते ९६ होती ती इथे ४९ ते ६२ वर आली. त्या साठांच्या निवडीतला योगायोग यावर वेगळा आहेच, पण मौनामुळे येणारी अनिश्चितता साठ फोनांनी किती कमी झाली ते बघा. फोनला एक दोष आहे: समोर माणूस बोलत असेल तर लोक भिडेखातर ‘हो’ म्हणतात. म्हणून फोन करणारा वेळापत्रक ठरवणाऱ्यांपैकी नसावा.

फोन वाढवून मार्जिन किती खाली येईल, तेही याच सूत्राने काढता येतं. अधिक-उणे ५ हवं असेल तर, `p` ला ०.५ धरून आणि १५९९ ची सवलत घेऊन, २५५ जणांची उत्तरं फोनवरून मिळायला हवीत. आपोआप येणाऱ्या ४७० उत्तरांपेक्षा ही मला कितीतरी मोलाची वाटतात. एकूण अधिक-उणे ३ चा हट्ट मी समितीजवळ सोडून द्यायला सांगेन. वेळापत्रक ठेवायचं की नाही हे ५६ आणि ५९ यांच्यातल्या फरकावर ठरत नसेल, तर त्या तीन टक्क्यांसाठी शेकडो फोन करण्यात काही हशील नाही.

फोन होईपर्यंत अहवाल द्यायचाच असेल, तर वाक्य असं लिहा: ‘१८०० पैकी २०१ सभासदांनी या प्रश्नाला उत्तर दिलं, त्यांच्यातले १३१, म्हणजे ६५ टक्के, वेळापत्रक ठेवावं असं म्हणतात. ५२ नको म्हणतात, १८ जणांचं मत ठरलेलं नाही. उत्तर न दिलेल्यांचं मत माहीत नाही.’ तिथे मार्जिन मी लिहिणार नाही. लिहायला लावलंच तर ‘५८ ते ७१ टक्के’ सोबत ‘उत्तर देणारे यादृच्छिक निवडलेले असते तर’ हे शब्द त्याच ओळीत ठेवा, तळटीपेत नको.